दीड टनाच्या एसीला 3 केव्हीएचा स्टॅबिलायझर पुरतो का?

धायरीची_मेघना
मंडळी, मदत हवी आहे. 1 टनाचा जुना एसी काढून दीड टनाचा स्प्लिट बसवला. साधाच आहे, इन्व्हर्टर नाही. स्टॅबिलायझर मात्र जुनाच, 3 केव्हीएचा. दुपारी सगळं छान चालतं. रात्री व्होल्टेज 175 वर आलं की बाहेरचं युनिट नुसतं घुमतं, स्टॅबिलायझर टक्-टक् करून बंद पडतो, आणि तीन मिनिटांनी पुन्हा तोच खेळ. डब्यावर हात ठेववत नाही इतका तापतो. दुकानदार 5 केव्हीए घ्या म्हणतोय. खरंच लागेल?

पक्या_कोथरूड
टनाच्या दुप्पट केव्हीए, सोपा हिशेब. दीड दुणे तीन. स्टॅबिलायझर बरोबर आहे, कॉम्प्रेसर गेलाय.

सुलभाकाकू
आमच्याकडे इन्व्हर्टर आहे गं, लाइट गेली तरी पंखे चालतात. त्यावर एसी चालेल का?

धायरीची_मेघना
काकू, तो बॅटरीवाला, हा वेगळा :)

वाइंडिंगवाला
पक्याभाऊ, तो हिशेब 230 व्होल्ट मिळतात तिथे चालून जातो. मेघनाताई, तुमचा एसी साधारण 1700 वॅट घेत असेल, म्हणजे 230 ला साडेसात अँपिअर. भिंतीतून 175 च येत असतील तर तेवढ्याच कामाला स्टॅबिलायझर दहाच्या आसपास ओढतो. हा झाला चालू एसीचा भार. साधा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चार-पाच पट मागतो. लहान ट्रान्सफॉर्मर तिथे दबतो, आउटपुट कोसळतं, कॉम्प्रेसर अडकून घुमतो आणि रिले तुटतो. असंच चालू राहिलं तर रिलेचे पॉइंट जळतात किंवा चिकटतात आणि वाइंडिंग करपतं. जळका वास आला की वापरणं थांबवा.

पण लगेच विकत घेऊ नका. घुमतानाच डिस्प्लेवर इनपुट आणि आउटपुट दोन्ही बघा. इनपुट टिकून आउटपुट पडलं तर दोष स्टॅबिलायझरचा. इनपुटच धाडकन खाली आलं तर वायर, सॉकेट किंवा बाहेरची लाइन. तिथे मोठा डबा आणून पैसे वाया.

वाघोलीकर
माझं अगदी तेच झालं. 5 केव्हीए आणला, फरक शून्य. शेवटी न्यूट्रलचा जोड ढिला निघाला.

धायरीची_मेघना
आत्ता बघितलं. इनपुट 176 वरून 169, आउटपुट 208 वरून 150 च्याही खाली.

वाइंडिंगवाला
मग डबाच लहान आहे. दीड टनाला 4 केव्हीए पुरे, 5 हा दोन टनाचा. केव्हीएच्या आकड्यावर मात्र जाऊ नका, लेबलवर अँपिअर वाचा, 12 तरी हवेत. आणि रेंज 150 किंवा त्याखालून सुरू होणारी घ्या. 170 पासूनची घेतलीत तर रात्री 169 ला तो एसी बंदच करेल.

पक्या_कोथरूड
मग इतके दिवस अडकून घुमलेल्या कॉम्प्रेसरचं काय?

वाइंडिंगवाला
ओव्हरलोडने वेळेवर तोडलं असेल तर वाचला असेल. नवीन डबा लावल्यावर क्लॅम्प मीटरने अँपिअर मोजून घ्या, इथून सांगता येत नाही.