पाणबुडी आली, टॉर्पेडो राहिले

"पैसे मंजूर, गोदी आपल्याच माझगावात, मग पाणबुड्यांना इतका उशीर का?"

कारण पाणबुडी एका करारात विकत घेतली जात नाही. फ्रेंच बनावटीच्या स्कॉर्पीन पाणबुड्यांचंच बघा. सहा बोटींचा करार 2005 सालचा, पहिली 2012 मध्ये मिळायची होती, पण 'कलवरी' नौदलात आली डिसेंबर 2017 मध्ये. बरंचसं सामान माझगाव डॉकने वेगळं खरेदी करायचं होतं आणि त्या खरेदीचे करारच लांबले. सामान आलं नाही की पुढची सगळी कामं अडतात.

आमचं रबाळे एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. संरक्षणाच्या एका कामात दोन दिवसांत टर्निंग झालेल्या फ्लँजेस तपासणीच्या शिक्क्यासाठी सात आठवडे रॅकवर पडून होत्या. तेल लावून ठेवलं तरी कडांना गंज धरायला लागला होता, बघवत नव्हतं. हेच हजारो भागांना लागू करा.

पाणबुडीतून पाण्याखालून डागायच्या टॉर्पेडोची खरेदी तर आणखी वेगळी फाइल. इटलीचे 'ब्लॅक शार्क' निवडले होते, पण उत्पादक कंपनी फिनमेकानिका समूहातली. हेलिकॉप्टर लाचखोरी प्रकरणात त्या समूहाचं नाव आल्यावर 2016 मध्ये ती खरेदी रद्द झाली. कलवरीला जुन्या जर्मन 'सुट' टॉर्पेडोंवर भागवावं लागलं. लाच खपवून घ्यावी असं मी म्हणत नाही. पण दुसरा पुरवठादार तयार न ठेवता पहिला बाद केला, हे मला अजून खटकतं. डीआरडीओचा टॉर्पेडो या बोटींवर बसवायचा करार डिसेंबर 2024 मध्ये झाला.