मदत हवी आहे: कुठल्याच कामाला नाही न म्हणणारी सहकारी. ही बर्नआउटची सुरुवात आहे का?

पलासियाकर
उत्तर जरा लवकर हवंय, उद्या सरांशी बोलायचंय. आमच्या टीममधली एक जण आहे. कामाला वाघ. काहीही सांगा, "हो, करून टाकते." पण काहीतरी बिनसलंय असं मला सारखं वाटतंय आणि नेमकं बोट ठेवता येत नाही. काम वेळेवर येतं, तक्रार नाही, सुट्टी नाही. सरांजवळ विषय काढला तर म्हणाले, "काम होतंय ना? मग?" बर्नआउट लवकर ओळखायची ठोस लक्षणं असतील तर सांगा. नेटवरचे लेख नकोत, ते वाचून झालेत.

टॅलीबहाद्दर
कसलं ऑफिस? किती वर्षं आहे ती तिथे? आधी कशी होती? काहीच सांगितलं नाहीत आणि लक्षणं मागताय.

पलासियाकर
सीए फर्म आहे, इंदूरलाच. पाच-सहा वर्षं झाली तिला. ऑडिट आणि जीएसटी दोन्ही बघते. ऑफिस कसलं याने काय फरक पडतो?

टॅलीबहाद्दर
सगळा फरक त्यानेच पडतो! ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी, ३० ला टॅक्स ऑडिट. सप्टेंबरात न दमलेला एक अकाउंटंट दाखवा, माझ्याकडून छप्पन दुकानवर पार्टी. हा सीझन आहे, आजार नाही. महिना सरू द्या, चार दिवस सुट्टी द्या, गाडी रुळावर येईल. आणि ते आयसीडी-११ की काय आहे ना, त्यातसुद्धा बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही.

रावपुरा_एक्सप्रेस
सुट्टीने काही होत नाही हो, मी करून बसलोय. बडोद्याला औषधांच्या कंपनीत क्यूएला होतो. कुणाचा बॅच रेकॉर्ड अडला की माझ्याकडे, इन्स्पेक्शन आलं की माझ्याकडे. साहेबांनी कौतुकाने आठवडाभर सुट्टी दिली. परत आलो तर टेबलावर माझं काम तसंच, वर सुट्टीतलं साचलेलं. पहिल्याच दिवशी सुट्टीआधीपेक्षा जास्त थकलो. शेवटी नोकरी सोडली. तिला सांगा, दुसरीकडे बघ म्हणावं.

नर्मदाकाठ
पगार किती देताय? रात्री थांबली तर ओव्हरटाइम मिळतो का? आधी ते सांगा. सगळ्याला बर्नआउट म्हणायची फॅशन आलीय, खरं दुखणं खिशाचं असतं.

पलासियाकर
पगार मी ठरवत नाही. मुद्दा तो नाही.

लष्करवाली_मावशी
मी ग्वाल्हेरची. कारखान्यांत कामगार कल्याण आणि समुपदेशनात माझी बरीच वर्षं गेली. बहाद्दर, आयसीडी-११ मध्ये त्याला आजार म्हटलेलं नाही हे खरं. पण म्हणजे काहीच नाही असं होत नाही. ती कामातून उद्भवणारी अवस्था म्हणून नोंदवली आहे: बराच काळ चाललेला कामाचा ताण आटोक्यात न आल्याने होणारी. म्हणजे औषध कामातच शोधायचं.

पलासियाकर, तुम्ही काम होतंय की नाही ते बघताय, आणि असल्या माणसाचं काम सगळ्यात शेवटी बिघडतं. ती ते बिघडू देत नाही. तेवढ्याच कामाला आता किती जीव ओतावा लागतोय ते बघा. त्याच्या खुणा ज्याचा हिशोब कुणी ठेवत नाही अशा जागी सापडतात. जे काम एकदा तपासून सोडायची ते आता तीन-तीनदा तपासते का? पूर्ण ऐकून घ्यायच्या आधीच "हो" म्हणते का? पूर्वी प्रश्न विचारायची, चुका दाखवायची, ते बंद झालंय का? डबा कुठे खाते? क्लायंटबद्दल बोलताना आवाजात कडवटपणा आलाय का? तुलना इतरांशी नको, तिची तिच्याशीच करा. मुळात अबोल माणूस गप्प असेल तर त्यात काही नाही, बोलका गप्प झाला तर आहे.

पलासियाकर
मावशी, हे वाचून जरा चमकलोच. पूर्वी आर्टिकलशिपच्या शिकाऊ मुलांना समोर बसवून शिकवायची. आता म्हणते, "राहू दे, मीच करते." डबा जागेवरच खाते, कधी खातच नाही. जीएसटीच्या टू-बी स्टेटमेंटचं खरेदी रजिस्टरशी जुळवणं तिच्या हातचा मळ होता, आता मेल रात्री साडेअकराला येतो आणि सकाळी त्याचीच सुधारित फाइल येते, तीही बहुतेक वेळा काही न बदलता. परवा मुंबईच्या सप्लायरचं बिल आयजीएसटीऐवजी सीजीएसटी-एसजीएसटीत टाकलं होतं. फाइल करायच्या आधी पकडलं, पण ती अशी चूक करणारी नाही. वर दिवसभर माफी मागत राहिली.

टॅलीबहाद्दर
असल्या चुका सीझनमध्ये माझ्याकडूनही होतात. टॅलीत लेजर नीट बांधलं असेल तर ही होऊच शकत नाही, मास्टर तपासा.

लष्करवाली_मावशी
चूक कुणाचीही होते. चुकीनंतर दिवसभर माफी आणि तिहेरी तपासणी, हे जास्त बोलकं आहे. तरी बहाद्दरचा सीझनचा मुद्दा मी खोडत नाही. दमणूक आणि ही अवस्था यांतला फरक ओळखायला एकच प्रश्न पुरतो: विश्रांती लागू पडते का? दमलेला माणूस रविवारी झोपला की सोमवारी निम्मा तरी परत येतो. इथे सोमवारी सकाळीच चेहरा शनिवार संध्याकाळचा असतो. जुलैत रिटर्नची गर्दी होती ना? ती संपल्यावर ऑगस्टमध्ये ती मूळपदावर आली होती का?

पलासियाकर
नाही. दरवर्षी ३१ जुलैनंतर सगळ्यांना राजवाड्याला घेऊन जायची. यंदा तारीख पुढे गेली, पण ते काम उरकल्यावरही विषय निघाला नाही. त्यात सासूबाईंचं ऑपरेशन झालं होतं म्हणे, त्यामुळेही असेल.

नर्मदाकाठ
हे घ्या! घरचं दुखणं आहे आणि तुम्ही ऑफिसला दोष देताय.

लष्करवाली_मावशी
दोन्ही असू शकतं, बाहेरून सांगता येत नाही. एक ढोबळ खूण आहे: कामाचा ताण असेल तर सुरुवातीला माणूस कामाच्या विषयातच विझतो, मुलांत, सणावारात अजून रमतो. सगळीकडूनच रस गेला असेल, झोप उडाली असेल, "माझ्यावाचून काही अडत नाही" अशी भाषा येत असेल तर ते नैराश्य असू शकतं, मग ऑफिसच्या उपायांवर थांबायचं नाही, डॉक्टर. टेली-मानसचा १४४१६ आहे, फुकट आहे. आणि थकवाच ठळक असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ बघून घ्यायला सांगा. बायकांचा थकवा ताणाच्या खात्यात घालून रक्त न तपासलेली उदाहरणं मी भरपूर पाहिली आहेत.

आता मला सांगा, तिला काम देतं कोण?

पलासियाकर
कोण म्हणजे? सर देतात, दुसरे पार्टनर देतात, मी देतो.

रावपुरा_एक्सप्रेस
तीन मालक! मग झालंच. माझ्याकडे प्लँट हेड, क्यूए हेड आणि रेग्युलेटरी, तिघांनाही वाटायचं मी थोडंसंच काम दिलंय.

लष्करवाली_मावशी
नेमकं हेच. तिघांनी तीन मध्यम ओझी दिली, बेरीज फक्त तिच्या डोक्यात. उद्या सरांना लक्षणांची यादी दाखवू नका, ते "काम होतंय ना" म्हणतील. त्या बेरजेचा कागद दाखवा. तिच्याबरोबर बसून सध्या हातात असलेलं प्रत्येक काम लिहा. कुणी दिलं, कधीपर्यंत हवं, आणि ते दुसरं कुणी करू शकतं का. एवढंच.

आणि कृपा करून तिला "नाही म्हणायला शीक" असं सांगू नका. म्हणजे चूक तिची आणि सुधारायचंही तिनेच. "हे जमेल का?" असं विचारलं की ती हो म्हणणारच, त्या प्रश्नाला तिच्याकडे दुसरं उत्तर नाही. प्रश्नच बदला: "हे घेतलंस तर यातलं काय बाजूला ठेवू?" कागद समोर हवा, म्हणजे बोट ठेवायला जागा असते.

टॅलीबहाद्दर
मावशी, छोट्या फर्ममध्ये बाजूला ठेवायला माणूसच नसतो. ३० तारीख कुणासाठी थांबत नाही. कागदाने ऑडिट सही होतं का?

लष्करवाली_मावशी
नाही होत. माणूसच कमी असेल तर कागदाने माणूस उगवणार नाही. पण निदान ते सरांना दिसेल, आत्ता त्यांना वाटतंय सगळं आरामात चाललंय, कारण ती चालवतेय.

छप्पनचा_पोहेवाला
आमच्या ऑफिसात गुरुवारी योगा सुरू केला, फार फायदा झाला. सुचवून बघा.

रावपुरा_एक्सप्रेस
हिला आणखी एक काम!

पलासियाकर
अपडेट. सकाळी सरांच्या आधी तिच्याशीच बोललो. कागद काढला तर आधी म्हणाली, "अहो काही नाही, माझं चाललंय." लिहायला बसलो आणि पान भरलं. त्यातल्या दोन गोष्टी मला माहीतच नव्हत्या: दुसऱ्या पार्टनरच्या घरच्यांची सगळी रिटर्न्स ती भरते, आणि सोडून गेलेल्या मुलाचे टीडीएसचे क्लायंट तेव्हापासून "तात्पुरते" तिच्याकडेच आहेत. "काय बाजूला ठेवू?" म्हटलं तर बराच वेळ कागदाकडे बघत राहिली, मग टीडीएसवर बोट ठेवलं. झोपेचं विचारलं तर म्हणाली तीनला जाग येते आणि ३बीचे आकडे डोक्यात फिरतात. रक्त तपासायला तयार झाली.

सरांनी कागद पाहिला. काही बोलले नाहीत, पण टीडीएस माझ्याकडे आणि एका आर्टिकलकडे दिलं. घरच्या रिटर्न्सचा विषय दुसरे पार्टनर उज्जैनहून आल्यावर.

लष्करवाली_मावशी
छान. आता तीन-चार आठवडे सोमवार सकाळकडे लक्ष ठेवा. आणि ते टीडीएस खरंच तिच्याकडून गेलंय ना, बघा. बहुतेक वेळा काम गुपचूप परत येतं.

पलासियाकर
आलंच. क्लायंट तिच्याच मोबाइलवर फोन करतात आणि ती उचलते. ७ तारखेचं चलन आहे म्हणून आजच दोघांचे आले. तिला उचलू नको म्हटलं तर म्हणते, "बिचारे अडतील." यावर काय करायचं?

रावपुरा_एक्सप्रेस
सगळ्या क्लायंटना तुमच्या नावाने मेल टाका, तुमचा नंबर देऊन. तिला टाकायला सांगू नका, ती शेवटी "काही अडलं तर मी आहेच" असं लिहील.

नर्मदाकाठ
पगाराचं अजून कुणी बोललं नाही.

टॅलीबहाद्दर
ऑडिटची तारीख वाढतेय असं कुणी ऐकलं का? आमच्या ग्रुपवर सकाळपासून तेच चाललंय.