जाहिरातीतले शब्द बदलायचे म्हणजे नक्की काय?

>> "महापेच्या गोडाऊनला डिस्पॅचसाठी 'तरुण, होतकरू मुलगा, वय 25 पर्यंत, बाईक आवश्यक, इंग्रजी फाडफाड' अशी अ‍ॅड टाकली, पण ठराविकच अर्ज येतायत. काय बदलू?"

प्रत्येक अटीपुढे एकच प्रश्न विचारा, ही अट नसेल तर कामातलं नक्की काय अडेल? बाईक कशाला, माल पोचवायला की फक्त कामावर यायला? नुसतं यायलाच असेल तर काढून टाका आणि सरळ लिहा, 'सकाळी 9 ला हजर राहता आलं पाहिजे', जवळची स्टेशन्स घणसोली आणि कोपरखैरणे, मग कोण कसं येईल ते त्याचं तो बघेल. डिलिव्हरी खरंच करायची असेल तर मात्र टू-व्हीलर लायसन्सची अट ठेवाच. इंग्रजीचंही तसंच, चलान वाचून एक्सेलमध्ये एन्ट्री करायचीय ना, मग तेवढंच लिहा, 'फाडफाड' वाचून चांगली चांगली माणसं अर्जच करत नाहीत. तरुण का, तर खोके उचलायचेत म्हणून, हो ना? मग साधारण किती किलो, दिवसातून किती वेळ आणि ट्रॉली आहे का ते टाका, पंचेचाळिशीतला माणूसही स्वतःचं स्वतः ठरवेल. 'मुलगा' तर काढाच, 2019 च्या वेतन संहितेनुसार भरतीत लिंगावरून भेदभाव करता येत नाही.

आणि पगाराचा आकडा, शिफ्टची वेळ, सुट्टीचा वार हे लपवू नका हो, घरचं सगळं सांभाळून नोकरी करणाऱ्या बायका आधी तेच बघतात. मग हीच अ‍ॅड आयटीआयच्या बोर्डावर, बचत गटांच्या ग्रुपवर टाका, कारण नुसती स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवली तर शब्द कितीही सुधारा, त्यांच्याच ओळखीतले अर्ज येणार.