मदत हवी: फारकतीच्या डिक्रीवरून पक्षकाराला अटींची यादी द्यायची आहे

ज्युनियर_दारव्हा: पक्षकार शेतकरी आहे, उद्या सकाळी येतोय. खावटी, मुलीचा ताबा, भेट, जमीन, सगळं एका कागदावर मागतो. डिक्रीत तीनच ओळी आहेत. यादी कशी करू? लवकर सांगा.

कोर्टपक्षी: तीन ओळी कोणत्या? "निशाणी अमुकप्रमाणे" असं आहे का?

ज्युनियर_दारव्हा: हो, "निशाणी 34 प्रमाणे अर्ज मंजूर". आपसी संमतीची आहे, ते लिहायचं राहिलं.

कोर्टपक्षी: मग सगळ्या अटी निशाणी 34 मध्येच आहेत. फाइलमधल्या झेरॉक्सवर विसंबू नका, झेरॉक्स काढल्यानंतर हातानं केलेली खाडाखोड तिच्यात नसते. निशाणीची प्रमाणित नक्कल काढा.

वऱ्हाडी_भाऊ: खावटी जास्त वाटत असन तर हिंदू विवाह कायद्याच्या 25(2) खाली कमी करायचा अर्ज टाका ना भाऊ.

ज्युनियर_दारव्हा: कमी नाही करायची, पाळायची आहे! नक्कल आहे माझ्याकडे. "मुलीस दरमहा 4,000, जून 2024 पासून, 10 तारखेच्या आत, दरवर्षी 10 टक्के वाढ. ताबा आईकडे. भेट दुसऱ्या व चौथ्या रविवारी 10 ते 5. वडिलांनी एक एकर मुलीच्या नावे सहा महिन्यांत करून द्यावी."

कोर्टपक्षी: वाढीचं नीट बघा. जून 2025 पासून 4,400, यात वाद नाही. जून 2026 पासून मात्र वाढ चालू रकमेवर धरली तर 4,840, मूळ रकमेवर धरली तर 4,800. शब्दांत खुलासा नसेल तर यादीत 4,840 लिहा, कमी भरलं की 40 रुपयांसाठीही दरखास्त लागते. पैसे बँकेतूनच द्या, कोणत्या महिन्याचे ते लिहून. आणि भेट दिली नाही म्हणून खावटी अडवायची नाही, हे पक्षकाराला ठणकावून सांगा. भेटीसाठी वेगळा अर्ज करता येतो. मुलीला कुठून घ्यायचं, कुठं सोडायचं, ते लिहिलंय?

ज्युनियर_दारव्हा: जागा लिहिलेलीच नाही.

कोर्टपक्षी: तर दोघांच्या सहीची पुरसीस देऊन जागा ठरवून घ्या.

नक्कलवाला: जमिनीचं सोपं आहे. कोर्टाची डिक्री आहे, नोंदणी लागत नाही. तलाठ्याकडं दिली की फेरफार.

कोर्टपक्षी: नेहमी नाही. फारकतीच्या अर्जात जमीन वादाचा विषय नव्हती आणि मुलीला नवा हक्क मिळतोय, तर नोंदणी लागते. बक्षीसपत्र करा. इथं तर "करून द्यावी" असंच आहे, म्हणजे दस्त करायचाच आहे. आधी सातबारा बघा, जमीन पक्षकाराच्याच नावावर आहे की आजोबांच्या? इतर हक्कात सोसायटीचा बोजा? मुलगी अज्ञान असेल तर अ.पा.क. म्हणून आईचं नाव लागेल.

नक्कलवाला: आणि मुलीचा आधीपासूनचा हक्क मान्य केला, असं निशाणीत असेल तर?

कोर्टपक्षी: तर गोष्ट वेगळी. तेवढा परिच्छेद जसाच्या तसा टाका.

ज्युनियर_दारव्हा: सातबारा काढला. पक्षकार आणि दोन भाऊ सामाईक, बोजाही आहे. सहा महिने कधीच संपलेत.

कोर्टपक्षी: मग आधी वाटणी, बोजा की मुदतवाढीचा अर्ज? डिक्रीची तारीख सांगा.