मदत हवी आहे: ट्रान्समिशन लाइनसाठी चार आठवड्यांचं नियोजन

नमस्कार मंडळी. मी पुण्यात डिप्लोमाला आहे, टेलिकम्युनिकेशनचा पेपर चार आठवड्यांवर आलाय. बाकी विषय जमतात, ट्रान्समिशन लाइनवर मात्र अडते.

कालचंच गणित सांगते. 50 ओहमची लाइन, टोकाला 100 ओहमचा लोड. परावर्तन गुणांक (100−50)/(100+50) म्हणजे 1/3, व्हीएसडब्ल्यूआर 2, इथवर बरोबर. पाव तरंगलांबी मागे इनपुट इम्पीडन्स किती? सूत्राने 50²/100 = 25 ओहम. स्मिथ चार्टवर मला 40 − j30 मिळालं! तासाभराने कळलं, की चार्टची पूर्ण फेरी अर्ध्या तरंगलांबीची असते. पाव तरंगलांबीसाठी 180 अंश फिरायचं, मी 90 फिरले होते. ते उत्तर एक अष्टमांश तरंगलांबीचं होतं. व्हीएसडब्ल्यूआर दोन्हीकडे 2 च राहतो, म्हणून चूक लक्षातच आली नाही.

आता ठरवलंय असं: पहिला आठवडा सूत्रं आणि शॉर्ट, ओपन लाइन, दुसरा फक्त स्मिथ चार्ट, रोज दोन गणितं आणि प्रत्येकाचा सूत्राने ताळा, तिसऱ्यात अँटेना, वेव्हगाइड, चौथ्यात जुन्या प्रश्नपत्रिका.

स्टब मॅचिंग कुठे बसवू? त्यासाठी अॅडमिटन्स चार्ट लागतो आणि तिथे माझा अजून गोंधळ होतो. दुसऱ्याच आठवड्यात घेतलं तर घाई होईल का? सदाशिव पेठेच्या आसपास कुणी ताई-दादा रविवारी तासभर शिकवू शकतील का? चार्टचे कागद मी आणेन.