मदत हवी आहे: जपानचा राइस कुकर गुहागरात चालेल का?

नमस्कार मंडळी. भाचा जहाजावर असतो, येताना त्याने जपानहून राइस कुकर आणि एक छोटा पंखा आणला. दोन्हींच्या लेबलचे फोटो खाली टाकलेत.

पंख्याच्या अडॅप्टरवर इनपुट एसी 100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ आणि आउटपुट डीसी 5 व्होल्ट, 2 अँपिअर असं आहे. आपल्याकडे 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, म्हणजे दोन्ही त्यात बसतं. फक्त पिनेचा आकार बदलणारा प्लग लागेल, बरोबर ना?

अडचण कुकरची. बुडाशी बारीक अक्षरात एसी 100 व्होल्ट, 50-60 हर्ट्झ, 650 वॅट एवढंच. हर्ट्झ जुळतात, व्होल्ट नाहीत. सौ. म्हणते, "प्लग बदलून लावून तर बघा." पण व्होल्टेज 2.3 पट झालं की कॉइलमधली उष्णता त्याच्या वर्गाने, म्हणजे पाचपटीहून जास्त वाढते. 650 चे जवळजवळ 3400 वॅट! भात राहू दे, कुकरच जळेल. प्लग नुसता पिना बदलतो, व्होल्टेज नाही.

तेव्हा 230 चे 100 करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा म्हणतो. दुकानदार 500 वॅटचा गळ्यात मारतोय. तो 650 ला पुरणार नाही, 1000 चा तरी हवा, असं मला वाटतं. शिवाय बाजारात 110 व्होल्ट देणारेच दिसतात. 100 च्या कुकरला वरचे 10 व्होल्ट सोसतील? त्यात पावसाळ्यात आमची लाइन कधी 190, कधी 250. स्टॅबिलायझर लावायचा तर ट्रान्सफॉर्मरच्या आधीच ना? कुणी वापरलाय का?