मदत हवी आहे : पणावरचा कर आणि जिंकण्यावरचा कर एकत्र कसे मोजावेत?

जळगावला पदवीच्या विद्यार्थ्यांना संभाव्यता शिकवताना एका ठिकाणी मी अडलो आहे, म्हणून जाणकारांना विनंती करतो.

घोड्यांच्या शर्यतीत दोनचा भाव धरू, म्हणजे १०० रुपये लावून जिंकल्यास मुद्दलासह २०० मिळतात. इथे ५० टक्के डाव जिंकले तर ना नफा ना तोटा. १ ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण पणावर २८ टक्के जीएसटी लागू झाला, तो दर उदाहरणासाठी घेतो. खिशातून १०० गेले तर प्रत्यक्ष पण ७८.१३ रुपयांचाच लागतो, खरा भाव १.५६ उरतो आणि ६४ टक्के डाव जिंकावे लागतात. भाव १.२० असेल तर खरा भाव एकाच्याही खाली, ०.९४ वर येतो, म्हणजे प्रत्येक डाव जिंकूनही तोटाच. हे विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवावेसे वाटते.

याउलट फक्त जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर धरला आणि हरलेले डाव वजा होत नसले, तर दोनचा भाव १.७० होतो आणि ५८.८ टक्के विजय लागतात.

माझी अडचण दोन्ही कर एकत्र घेताना येते. जिंकल्यावर हाती १५६.२५ रुपये येतात. प्राप्तिकरासाठी नफा ५६.२५ धरावा, की जीएसटी खर्च न मानता ७८.१३? पहिल्या रीतीने ७१.७ टक्के, दुसऱ्या रीतीने ७५.३ टक्के विजय लागतात. यांपैकी कोणती रीत कायद्याला धरून आहे, हे कृपया कारणासह सांगावे.